दिव्याच्या दोन किमती : मोजक्या ऑर्डरींवर नफ्याची चाचणी

एका विक्रेतीचं स्वतःचं ऑनलाइन दुकान आहे. त्यात वाचनासाठी टेबलावर ठेवायच्या दिव्याची एक लिस्टिंग आहे. दिवसाला साधारण ६० जण ती उघडून बघतात आणि शंभरातले दोन जण दिवा घेतात. म्हणजे आठवड्याला आठ-नऊ ऑर्डरी. पॅकिंग आणि कुरिअरचं काम तिचा धाकटा भाऊ बघतो. दिव्याची किंमत गेले कित्येक महिने तीच आहे आणि तिला वाटतंय की ती जरा कमीच आहे. किंमत वाढवली तर नफा वाढेल की गिऱ्हाईक पळेल, एवढंच तिला जाणून घ्यायचं आहे.

हे प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण अशा आकाराच्या दुकानात आकडे साधारण असेच वागतात. चलन कोणतंही असो, हिशेब बदलत नाही, म्हणून जुनी किंमत १०० धरली आहे आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात दिले आहेत.

चाचणीच्या आधीचा हिशेब

भाऊ म्हणाला, "ताई, एक आठवडा ११० लावून बघू. ऑर्डरी कमी नाही झाल्या तर तीच ठेवू." हा विचार पहिल्याच पायरीवर चुकतो. किंमत वाढल्यावर ऑर्डरी थोड्या कमी होणारच. त्या किती कमी झाल्या तरी चालतील, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चाचणी न करता, कागदावरच मिळतं.

दिवा तिला ५५ ला पडतो. पॅकिंग आणि कुरिअर मिळून १०. रिटर्न आलेल्या मालाची ने-आण आणि पुन्हा पॅकिंग यांचा भार सगळ्या ऑर्डरींवर वाटला तर दर ऑर्डरमागे सरासरी ३. पेमेंट गेटवे किमतीच्या २ टक्के घेतं. म्हणजे १०० ला विकलेल्या दिव्यातून ३० उरतात. ११० ला विकला तर गेटवेचे २.२ जातात, बाकी खर्च तोच राहतो, आणि जवळपास ४० उरतात.

किंमत दहा टक्क्यांनी वाढली आणि ऑर्डरमागचा नफा तेहतीस टक्क्यांनी. वाढीव १० पैकी जवळजवळ सगळे थेट नफ्यातच जातात, कारण दिव्याची खरेदी आणि कुरिअर यांना विक्रीच्या किमतीशी काही देणंघेणं नसतं. आता ३० भागिले ४० म्हणजे ०.७५. नव्या किमतीला जुन्याच्या पाऊणपट ऑर्डरी आल्या तरी नफा तेवढाच राहील. शंभर भेटींत दोन ऑर्डरी येत होत्या तिथे दीड आली तरी बरोबरी. चारांतला एक गिऱ्हाईक गेला तरी नुकसान नाही.

हा आकडा हातात नसताना कोणीही चाचणी सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. तो नसला की माणूस ऑर्डरींकडे बघत बसतो. ऑर्डरी नऊच्या आठ झाल्या की घाबरून किंमत खाली आणतो, आणि त्या आठ ऑर्डरींनी आधीच्या नऊपेक्षा जास्त कमावून दिलं होतं हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी तयारी म्हणजे जुनी वही उघडणं. तिनं मागच्या आठ आठवड्यांच्या ऑर्डरी लिहून काढल्या : ७, १२, ६, ९, ५, ११, ८, १०. या काळात किंमत बदलली नव्हती, फोटो बदलले नव्हते, जाहिरातीचा खर्च तोच होता. तरीही एका आठवड्यात ५ आणि दुसऱ्यात १२. ही कुठल्याही कारणाशिवाय होणारी हालचाल. चाचणीत दिसणारा फरक याच हालचालीतून ओळखायचा असतो, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

किमती दाखवायच्या कशा

मोठ्या दुकानांत येणाऱ्यांची विभागणी करतात : निम्म्यांना एक किंमत, निम्म्यांना दुसरी, तीही एकाच वेळी. हिशेबाच्या दृष्टीनं ही पद्धत सर्वांत स्वच्छ, कारण सणवार, पगाराची तारीख, जाहिरात अशा गोष्टींचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होतो. पण किमतीच्या बाबतीत तिची एक दुखरी बाजू आहे. तोच माणूस मोबाइलवर १०० बघतो आणि संध्याकाळी लॅपटॉपवर ११०. दोन मैत्रिणी एकमेकींना लिंक पाठवतात आणि वेगवेगळे आकडे बघतात. सप्टेंबर २००० मध्ये ॲमेझॉनवर एकाच डीव्हीडीच्या किमती वेगवेगळ्या ग्राहकांना वेगळ्या दिसत असल्याचं ग्राहकांनीच उघडकीला आणलं. ही यादृच्छिक चाचणी होती असा खुलासा कंपनीनं केला आणि जास्त पैसे मोजलेल्यांना फरक परत दिला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरावं लागलं ते लहान दुकानानं ओढवून घेऊ नये.

म्हणून तिनं दुसरी वाट धरली. एका वेळी सगळ्यांना एकच किंमत आणि आठवड्यागणिक अदलाबदल. १०० ला 'अ' आणि ११० ला 'ब' म्हणू. आठ आठवड्यांचा क्रम तिनं आधीच ठरवून लिहून ठेवला : अ ब ब अ ब अ अ ब. हा क्रम मुद्दाम असा आहे. पहिले चार आठवडे 'अ' आणि नंतरचे चार 'ब' केले असते आणि त्या काळात एकूणच मागणी वाढत असती, तर ती वाढ 'ब'च्या खात्यात जमा झाली असती. वरच्या क्रमात सावकाश चढणारा किंवा उतरणारा कल दोन्ही किमतींना सारखाच वाटला जातो. आणि पूर्ण आठवडा घेतला की सोमवार-रविवारचा फरकही मिटतो.

या पद्धतीचे तोटेही आहेत. रविवारी १०० बघून गेलेला माणूस मंगळवारी परत येतो तेव्हा किंमत ११० झालेली असते. तो नाराज होऊन निघून गेला तर 'ब'ची ऑर्डर बुडते. उलट ११० बघून गेलेल्याला पुढच्या आठवड्यात १०० दिसले तर त्याला स्वस्त मिळाल्याचा आनंद होतो आणि 'अ'ला फुकटची ऑर्डर मिळते. दोन्ही वेळा पारडं स्वस्त किमतीकडे झुकतं. दिव्यासारखी वस्तू लोक एक-दोन दिवसांत ठरवून घेतात, म्हणून इथे ही सरमिसळ थोडी असते. महिनाभर विचार करून घ्यायच्या फर्निचरसाठी मी आठवड्याची अदलाबदल सुचवणार नाही.

तिनं तीन नियम आधी लिहून ठेवले. कोणी फरकाबद्दल विचारलं तर त्याला कमी किंमत द्यायची, वाद घालायचा नाही. 'अ'च्या आठवड्यांत ११० वर काट मारून १०० दाखवायचे नाहीत, कारण मग किमतीची नाही तर सवलतीची चाचणी होते. शिवाय युरोपीय संघात अशी सवलत जाहीर करताना मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमतच आधीची किंमत म्हणून दाखवावी लागते, तेव्हा वरखाली होणाऱ्या किमतीवर सवलतीची पाटी लावणं कायद्यातही अडकू शकतं. तिसरा नियम : किंमत बदलली की गूगल मर्चंट सेंटरला जाणारी यादी त्याच वेळी बदलायची. यादीतली किंमत आणि पानावरची किंमत जुळली नाही तर तिथे वस्तू नामंजूर होते, जाहिरात बंद पडते, भेटी घटतात आणि त्याचा दोष आपण बिचाऱ्या किमतीला देतो.

आठ आठवडे

| आठवडा | किंमत | ऑर्डरी | नफा |
|---|---|---|---|
| १ | १०० | ५ | १५० |
| २ | ११० | ९ | ३६० |
| ३ | ११० | ४ | १६० |
| ४ | १०० | १२ | ३६० |
| ५ | ११० | १० | ४०० |
| ६ | १०० | ९ | २७० |
| ७ | १०० | १० | ३०० |
| ८ | ११० | ७ | २८० |

दुसरा आठवडा संपला तेव्हा भाऊ उत्साहात होता. "ताई, महाग दिवा जास्त खपतोय! नऊला पाच. आता कशाला थांबायचं?" नफा तर १५० विरुद्ध ३६०, दुपटीहून जास्त.

इथे तिनं नाणं काढलं नाही, पण काढायला हरकत नव्हती. दोन्ही किमतींना ऑर्डर येण्याची शक्यता अगदी सारखी आहे असं धरलं तर एकूण चौदा ऑर्डरी म्हणजे नाण्याच्या चौदा उड्या. चौदा उड्यांत नऊ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे २१ टक्के. पाचांतून एकदा निव्वळ योगायोगानं असं होतं. तिनं थांबवलं नाही, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच ११० किमतीला फक्त चार ऑर्डरी आल्या. चौथ्या आठवड्याअखेर नफा ५१० विरुद्ध ५२०, म्हणजे बरोबरीच.

मधेच डोकावण्यात नुकसान काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. डोकावण्यानं काही बिघडत नाही, डोकावून मनासारखं दिसलं की थांबण्यानं बिघडतं. दोन किमतींत खरं तर काहीच फरक नसताना चुकून फरक सापडण्याची शक्यता एकदाच शेवटी तपासलं तर ५ टक्के ठेवता येते. तोच निकष लावून पाच वेळा तपासलं आणि पहिल्या 'विजया'ला थांबलं तर ती सुमारे १४ टक्के होते, आणि दहा वेळा तपासलं तर १९ टक्के. म्हणून थांबायची तारीख सुरुवातीलाच ठरवायची आणि ती ऑर्डरी बघून हलवायची नाही.

आठ आठवड्यांची बेरीज अशी निघाली. १०० ला १,६९० भेटींत ३६ ऑर्डरी, नफा १,०८०. ११० ला १,६७० भेटींत ३० ऑर्डरी, नफा १,२००. ऑर्डरी सहानं कमी आणि तरी नफा १२० नं जास्त. शंभर भेटींमागे बघितलं तर ६४ विरुद्ध ७२.

भेटी जवळजवळ सारख्या आहेत हे तिनं आधी तपासलं, आणि ते योग्यच केलं. दुकानाच्या यादीच्या पानावरही किंमत दिसते. चढी किंमत बघून लोकांनी लिस्टिंग उघडलीच नसती, तर शंभर भेटींमागचा नफा छान दिसला असता आणि एकूण नफा मात्र घटला असता. गाळून आलेली माणसं अर्थातच जास्त खरेदी करतात. म्हणून भेटींमागचा आणि आठवड्यामागचा असे दोन्ही हिशेब शेजारी ठेवावेत. इथे आठवड्याला सरासरी २७० विरुद्ध ३००, म्हणजे दोन्ही हिशेब एकच गोष्ट सांगत होते.

आठचा फरक किती खरा

७२ वजा ६४ म्हणजे ८. हा आकडा किती भरवशाचा आहे हे काढायला फार गणित लागत नाही. तुरळक येणाऱ्या ऑर्डरींची नैसर्गिक हालचाल साधारण त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. ३६ ऑर्डरींचं वर्गमूळ ६. म्हणजे हीच चाचणी पुन्हा केली तर ३० किंवा ४२ ऑर्डरी आल्या तरी आश्चर्य वाटू नये. ३० चं वर्गमूळ साडेपाचच्या आसपास.

```
अनिश्चितता = ऑर्डरमागचा नफा × √ऑर्डरी ÷ भेटी × १००
```

१०० साठी ३० × ६ ÷ १,६९० × १०० म्हणजे सुमारे ११. ११० साठी ४० × ५.५ ÷ १,६७० × १०० म्हणजे सुमारे १३. दोन्हींच्या फरकाची अनिश्चितता काढताना वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं, ते येतं सुमारे १७. आणि खरा फरक मोजलेल्या फरकाच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन पट अनिश्चिततेपर्यंत असू शकतो. म्हणजे ८ उणे ३४ ते ८ अधिक ३४. खरा फरक शंभर भेटींमागे २६ च्या तोट्यापासून ४२ च्या फायद्यापर्यंत कुठेही असू शकतो.

गोल गोल न बोलता सांगायचं तर दोन महिने चाचणी करूनही कोणती किंमत जास्त कमावून देते हे तिला कळलं नव्हतं.

वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे. हालचाल फक्त योगायोगाचीच आहे, एखादा आठवडा मुळातच चांगला किंवा वाईट नाही, असं आपण धरलंय. ते पडताळायला आठवड्यांचे नफे एकमेकांशी ताडून तीच अनिश्चितता दुसऱ्या वाटेनं काढता येते. इथे ती जवळपास तेवढीच आली. दुप्पट-तिप्पट आली असती तर आठवड्याआठवड्यांत काहीतरी वेगळं चाललं होतं असं समजायचं आणि वरचा पट्टा आणखी रुंद करायचा.

मग भावाला वहीत एक गोष्ट सापडली. चौथ्या आठवड्यातल्या बारा ऑर्डरींपैकी एक सहा दिव्यांची होती. कोणीतरी नव्या अभ्यासिकेसाठी घेतले असावेत. तिनं ती एकच ऑर्डर मोजली होती आणि नफा एका दिव्याचा धरला होता. सहाही दिव्यांचा नफा धरला तर 'अ'च्या खात्यात आणखी १५० जमा होतात : १,२३० विरुद्ध १,२००. निकालच उलटला!

खरं काय, या प्रश्नावर दोघं बराच वेळ बोलत बसले. माझं म्हणणं असं की दोन्ही हिशेब बरोबर आहेत, आणि एका गिऱ्हाइकामुळे निकाल फिरत असेल तर निकाल लागलेलाच नाही. त्या माणसानं ११० च्या आठवड्यात पान उघडलं असतं तर त्यानं बहुधा सहाच दिवे घेतले असते, मग पारडं दुसरीकडे गेलं असतं. अशा मोठ्या ऑर्डरींचं काय करायचं हे चाचणीच्या आधीच ठरवायला हवं होतं. निकाल बघून ठरवलं की माणूस नकळत आपल्या आवडत्या किमतीकडे झुकतो. पुढच्या फेरीसाठी तिनं नियम लिहिला : दोनपेक्षा जास्त नग असले तरी हिशेबात दोनच धरायचे.

चाचणी लांबवून काय झालं असतं

भावाचा पुढचा प्रश्न साहजिक होता. अजून थोडे आठवडे चालवलं तर?

अनिश्चितता अर्धी करायला भेटी चौपट लागतात. ८ चा फरक खात्रीनं पकडायचा तर १७ ची अनिश्चितता जवळजवळ ३ वर आणावी लागेल. ती सहाव्या हिश्श्याच्या आसपास आणायची म्हणजे भेटी पस्तीसपट लागतात. आठ आठवड्यांचे पस्तीसपट म्हणजे २८० आठवडे, पाच वर्षांहून जास्त. तोवर दिव्याचा खरेदीदर बदलेल, दुसरे विक्रेते येतील, दिवाच बाजारातून जाईल.

हे ऐकून पुष्कळ जण चाचणीच सोडून देतात. पण या आकड्यातून निघणारा अर्थ वेगळा आहे. एवढ्या भेटींवर १०० आणि ११० यांतला फरक ओळखणं शक्य नाही, कारण तो फरक मुळात लहान आहे. ऑर्डरी वाढवणं आपल्या हातात नाही. किमतींमधलं अंतर वाढवणं मात्र आहे.

तिनं १३० चा हिशेब मांडला. गेटवेचे २.६ आणि बाकीचे ६८ गेल्यावर ५९ उरतात, १०० ला उरणाऱ्या ३० च्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे ऑर्डरी निम्म्यावर आल्या तरी बरोबरी. प्रश्नाचं रूपच बदललं. गिऱ्हाईक चारांतला एक गेला का, हे कमी ऑर्डरींत ओळखता येत नाही. निम्मं गिऱ्हाईक गेलं का, हे ओळखता येतं. शंभरात दोनचं एक झालं तर ते पकडायला प्रत्येक किमतीला सुमारे २,३०० भेटी पुरतात, आणि तिच्याकडे आठवड्याला ४२० होत्या. तिनं सहा-सहा, एकूण बारा आठवडे ठरवले, आधीच्याच धर्तीचा क्रम आणि तेच नियम ठेवून.

तिची भीतीही खोटी नव्हती. तीस टक्क्यांची उडी बघून जुनी गिऱ्हाइकं काय म्हणतील? त्यासाठी तिनं एक मर्यादा घातली : १३० च्या पहिल्या दोन आठवड्यांत मिळून एकही ऑर्डर आली नाही तर थांबायचं. हे थांबणं डोकावून विजय जाहीर करण्यासारखं नाही. मोठं नुकसान टाळायला ते घातलेलं आहे आणि आधी लिहिलेलं आहे.

दुसरी फेरी

बारा आठवडे संपल्यावर तिनं लगेच बेरीज केली नाही. रिटर्नची मुदत पूर्ण होऊ दिली. घाई केली असती तर १०० ला ५४ आणि १३० ला ४७ ऑर्डरी दिसल्या असत्या. मुदत संपेपर्यंत स्वस्त दिव्याच्या तीन आणि महाग दिव्याच्या पाच ऑर्डरी परत आल्या. पाच आणि तीन यांतून रिटर्न वाढतात असा निष्कर्ष काढता येत नाही, आकडे फारच लहान आहेत. पण माणूस जास्त पैसे मोजतो तेव्हा वस्तू जास्त बारकाईनं बघतो हे पटण्यासारखं आहे, म्हणून टिकलेल्या ऑर्डरीच मोजायच्या.

टिकलेल्या ऑर्डरी : १०० ला २,५२० भेटींत ५१ आणि १३० ला तेवढ्याच भेटींत ४२. दोनपेक्षा जास्त नगांची ऑर्डर या फेरीत एकही नव्हती. नफा १,५३० विरुद्ध २,४७८. शंभर भेटींमागे ६१ आणि ९८, फरक ३७ च्या थोडा वर. वरच्याच सूत्रानं अनिश्चितता ८.५ आणि १५, मिळून सुमारे १७. दोन पट म्हणजे ३५. खरा फरक २ किंवा ३ पासून ७२ पर्यंत.

पट्ट्याचं खालचं टोक शून्याच्या जेमतेम वर आहे. १३० ला दोन ऑर्डरी कमी आल्या असत्या तर ते शून्याच्या खाली गेलं असतं. तरीही पहिल्या फेरीत जे कुठेच दिसत नव्हतं ते इथे दिसतंय : १३० ची किंमत १०० पेक्षा वाईट असण्याची शक्यता आता फार थोडी उरली आहे.

फायदा किती, याबद्दल मात्र तिनं हात आखडता घेतला. भाऊ ३७ नं गुणून वर्षाचा नफा मांडायला बसला होता. जी चाचणी जेमतेम निकालाच्या रेषेपलीकडे जाते तिच्यात दिसणारा फरक बहुतेक वेळा खऱ्याहून मोठा असतो, कारण रेषा ओलांडायला नशिबाचीही थोडी साथ लागलेली असते. खरा फरक १५-२० असणं अगदी शक्य आहे. शिवाय तिनं दोन फेऱ्यांत दोन वेगळ्या किमती पारखल्या होत्या, आणि जितक्या जास्त किमती पारखाव्यात तितकी त्यातली एखादी योगायोगानं चमकण्याची शक्यता वाढते. म्हणून नव्या मालाची मागणी नोंदवताना तिनं ३७ चा आकडा वापरला नाही.

आणि चाचणीनं न मोजलेल्याही गोष्टी आहेत. १३० ला घेणारा माणूस पुन्हा येतो का, हे बारा आठवड्यांत कळत नाही. गिऱ्हाइकांनी अभिप्रायात पाचातले तारे कमी दिले तर त्याचा परिणाम काही महिन्यांनी भेटींवर दिसतो, आणि तो दोन्ही किमतींच्या आठवड्यांवर सारखाच पडत असल्यानं अदलाबदलीत तो कधीच पकडला जात नाही. दुसरीकडे, ५१ ऐवजी ४२ पार्सलं म्हणजे भावाचं काम कमी आणि मालात कमी पैसा अडकतो. हे हिशेबाच्या बाहेरचं, पण खरं आहे.

तिनं किंमत १३० केली. त्याचबरोबर मागे फिरायची रेषाही लिहून ठेवली. १०० ला आठवड्याला सरासरी साडेआठ ऑर्डरींतून २५५ मिळत होते. १३० ला तेवढे मिळवायला आठवड्याला ४.३ ऑर्डरी पुरतात, म्हणजे बारा आठवड्यांत ५२. दुसऱ्या फेरीच्या वेगानं ८४ यायला हव्यात. बारा आठवड्यांनंतर आकडा ५२ च्या आसपास किंवा खाली असला तर किंमत पुन्हा १०० वर. ६० ते ७० च्या मध्ये असला तर किंमत तीच ठेवायची आणि तारे, रिटर्न, परत येणारी गिऱ्हाइकं यांची नोंद पुढे चालू. त्या तारखेवर भावानं दिनदर्शिकेत गोल केला आणि शेजारी ५२ लिहिलं.